पायातली गुठळी फुप्फुसापर्यंत: एका निष्कर्षाची पार्श्वभूमी

शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेला रुग्ण बरा होत असताना अचानक धाप लागून काही मिनिटांत दगावावा आणि शवविच्छेदनात त्याच्या फुप्फुसधमनीत रक्ताची गुठळी सापडावी, हा अनुभव एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना नवा नव्हता. मात्र ही गुठळी तिथेच, धमनीच्या दाहामुळे तयार होते, असे त्या काळी मानले जाई आणि पॅरिसचे क्रूव्हेलिए यांच्यासारखे मातब्बर विकृतिशास्त्रज्ञही त्याच मताचे होते.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शवविच्छेदन करणाऱ्या रूडॉल्फ फिरखो या तरुण डॉक्टरला वेगळेच दिसले. गुठळीभोवतीच्या धमनीचे अस्तर अनेकदा निरोगी असे, म्हणजे दाह हे मूळ कारण असू शकत नव्हते. शिवाय त्याच मृतदेहाच्या पायातील खोल नीलेत दुसरी गुठळी आढळे आणि तिचे टोक तुटलेले असे. १८४६ मध्ये त्याने मांडले की पायातला तुकडाच सुटून वर गेला आहे. हे पडताळण्यासाठी त्याने कुत्र्यांच्या मानेतील नीलेत रबराचे आणि गुठळ्यांचे तुकडे सोडले, आणि ते फुप्फुसधमनीच्या शाखांत जाऊन अडकलेले सापडले. रक्तवाहिनीत गुठळी तयार होणे म्हणजे ‘थ्रॉम्बोसिस’ आणि तिचा सुटलेला तुकडा दुसरीकडे जाऊन अडकणे म्हणजे ‘एम्बोलिझम’; हे शब्द आजच्या अर्थाने रूढ झाले ते त्याच्यामुळे.

तुकडा फुप्फुसातच का अडतो, याचे उत्तर रक्ताच्या वाटेत आहे. पोटरीपासून मांडीकडे, तिथून पोटातील महानीलेत आणि हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत वाट रुंदावतच जाते, त्यामुळे सुटलेल्या तुकड्याला आडकाठी होत नाही. पण उजव्या जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून, फुप्फुसधमनीत शिरताच ती वाट फाटे फुटत अरुंद होऊ लागते. तुकडा मोठा असेल तर तो पहिल्याच फाट्यावर अडतो, आणि कमी दाबाची सवय असलेली उजवी जवनिका अचानक आलेल्या या भारापुढे थकून जाते. मृत्यू बहुधा या थकण्यामुळे येतो, नुसत्या प्राणवायूच्या कमतरतेमुळे नव्हे.

स्थिर बसण्याचा धोका १९४० मध्ये लंडनमध्ये ठळकपणे दिसला. बॉम्बहल्ल्यांच्या रात्री आश्रयस्थानांत कापडी घडीच्या खुर्च्यांवर बसून काढणाऱ्यांत असे मृत्यू वाढल्याचे न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांनी नोंदवले. खुर्चीची पुढची आडवी दांडी मांडीच्या मागच्या बाजूला दाबते आणि तासन्‌तास पोटरीचे स्नायू हलत नाहीत, त्यामुळे रक्त साचते. म्हणून झोपण्याच्या फळ्या हव्यात, असे त्यांनी सुचवले.

उपचाराचा निर्णायक पुरावा मात्र १९६० साली ब्रिस्टलहून आला. बॅरिट आणि जॉर्डन यांनी रक्त गोठू न देणारी औषधे १६ रुग्णांना दिली, १९ जणांना दिली नाहीत. दुसऱ्या गटातले पाच जण फुप्फुसातील गुठळीने दगावले आणि पहिल्या गटातला एकही नाही, तेव्हा कोणालाही औषधाविना ठेवणे त्यांनी थांबवले. रुग्णसंख्या इतकी लहान असूनही तो निर्णय योग्यच होता, असे मला वाटते. ही औषधे जुनी गुठळी विरघळवत नाहीत, ती वाढू देत नाहीत. विरघळवण्याचे काम शरीर स्वतःच सावकाश करते, म्हणून उपचार निदान तीन महिने चालू ठेवावे लागतात.