शुष्क वजन (जलोदर व सूज असताना)

जलोदर किंवा अंगावरची सूज असलेल्या रुग्णाच्या काट्यावरच्या वजनातून साचलेल्या पाण्याचा अंदाजे भार वजा केल्यावर जे उरते, त्याला शुष्क वजन किंवा ‘ड्राय वेट’ म्हणतात. डायलिसिसच्या वॉर्डातही हाच शब्द चालतो. तिथे मात्र त्याचा अर्थ डायलिसिस संपताना रुग्णाला ज्या वजनावर आणायचे ते लक्ष्य असा असून, रक्तदाब व लक्षणे पाहत ते ठरवतात. प्रस्तुत नोंद लिव्हर सिऱ्होसिसच्या रुग्णांपुरती आहे. तिथे हे वजन आहाराची ऊर्जा व प्रथिने ठरवण्यासाठी लागते.

वजावट किती करायची याबाबत दोन पद्धती रूढ आहेत. पहिली ठरावीक किलोंची असून तिचे श्रेय सामान्यतः मेंडेनहॉल यांच्या सुमारे १९९२ च्या लेखनाला दिले जाते. तिच्यानुसार जलोदर सौम्य असल्यास २.२, मध्यम असल्यास ६ आणि तीव्र असल्यास १४ किलो वजा करतात. हातापायांच्या सुजेसाठी याच क्रमाने १, ५ व १० किलो धरतात. दुसरी पद्धत टक्केवारीची आहे. मोजलेल्या वजनातून सौम्य जलोदरास ५, मध्यमास १० व तीव्रास १५ टक्के, आणि दोन्ही पायांवर सूज असल्यास आणखी ५ टक्के वजा होतात. यकृतविकारांच्या युरोपीय संघटनेच्या २०१९ च्या पोषणविषयक मार्गदर्शनात ही टक्केवारी दिली आहे, मात्र एका पर्यायाच्या रूपात. पाणी काढल्यानंतरचे वजन, किंवा पाणी साचण्यापूर्वी नोंदलेले वजन हाताशी असेल तर ते वापरावे, असेही त्यात म्हटले आहे.

दोन्ही पद्धतींचे दोष परस्परविरुद्ध दिशांना जातात. पन्नास किलोच्या, तीव्र जलोदर व तीव्र सूज असलेल्या रुग्णातून किलोंच्या तक्त्याने २४ किलो गेले, तर उरतात २६ किलो. प्रौढ माणसासाठी हा आकडा अशक्यप्राय आहे. उलट त्याच रुग्णाच्या पोटात खरोखरच १२ लिटर पाणी असेल, तर टक्केवारी जलोदरासाठी जेमतेम साडेसात किलो वजा करते. पाण्याचा भार शरीराच्या आकाराच्या प्रमाणात वाढतो हे टक्केवारीचे गृहीतक आणि प्रत्येकाच्या पोटात सारखेच पाणी मावते हे किलोंचे गृहीतक, यांपैकी एकही पूर्णपणे टिकत नाही. मध्यम बांध्याच्या रुग्णांत दोन्ही उत्तरे जवळ येतात. लहानखुऱ्या रुग्णांत टक्केवारी बरी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण तिने निदान असंभव वजन निघत नाही. तीव्रतेची पायरी ठरते ती तपासणाऱ्याच्या डोळ्यांनी व बोटांनी. टकटक करून सरकता मंद आवाज ओळखू येण्यास पोटात साधारण दीड लिटर पाणी लागते. अंथरुणाला खिळलेल्याची सूज पायांऐवजी कमरेच्या मागे, त्रिकास्थीवर उतरते. केवळ घोटे दाबून पाहणाऱ्याच्या हातून ती सुटते, आणि त्यासोबत पाच टक्क्यांची वजावटही.

एक कल्पित रुग्ण घेऊ. वय ५२, उंची १६८ सेंटिमीटर, काट्यावर ७४ किलो, पोट ताणलेले, सूज गुडघ्यांपर्यंत. मोजलेल्या वजनाने बीएमआय २६ येतो, म्हणजे कागदावर तो थोडा स्थूलच ठरतो. किलोंच्या तक्त्याने तीव्र जलोदराचे १४ व मध्यम सुजेचे ५ वजा केल्यास ५५ किलो येतात. टक्केवारीने २० टक्के म्हणजे १४.८ किलो जाऊन ५९.२ उरतात. मग पोटातून ९ लिटर पाणी काढले. पाच लिटरपेक्षा अधिक पाणी काढताना प्रत्येक लिटरमागे साधारण ८ ग्रॅम अल्ब्युमिन देण्याची रीत आहे. त्याप्रमाणे २० टक्क्यांच्या द्रावणातून ७२ ग्रॅम, म्हणजे ३६० मिलिलिटर आत गेले, आणि काटा ६५.४ वर आला. हे शुष्क वजन नव्हे, कारण तळाशी थोडे पाणी व पायांची सूज शिल्लक आहे. उरलेला सौम्य जलोदर व मध्यम सूज वजा केल्यास तक्त्याने ५८.२ आणि टक्केवारीने ५८.९ मिळतात. आधीच्या चार किलोंच्या तफावतीऐवजी आता किलोभराचाही फरक नाही. म्हणून पाणी काढण्याचा दिवस हा वजन ठरवण्याचाही दिवस असतो. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी वजन न केल्यास ही संधी जाते, कारण पाणी पुन्हा साचू लागते.

५८ किलो धरल्यास बीएमआय २०.५ येतो. आजारापूर्वी त्याचे नोंदलेले वजन ६४ होते असे समजल्यास घट ९ टक्क्यांहून अधिक आहे, जी ७४ या आकड्याखाली पूर्ण दडली होती.

ऊर्जेच्या हिशोबात सिऱ्होसिससाठी दररोज प्रतिकिलो ३० ते ३५ किलोकॅलरी आणि कुपोषित वा स्नायू झिजलेल्यास १.५ ग्रॅम प्रथिने ही प्रचलित मापे आहेत. ५८ किलोंना त्यातून १७४० ते २०३० किलोकॅलरी व ८७ ग्रॅम प्रथिने निघतात. ७४ किलोंना ३५ ने गुणले तर २५९० होतात. ताणलेल्या पोटामुळे दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटणाऱ्या रुग्णाला एवढे खाववत नाही, आणि नळीने भरणा केला तर दीर्घ उपासमारीनंतर एकदम जास्त आहार गेल्यास रक्तातले फॉस्फेट घसरण्याचा धोका असतो. काही तज्ज्ञगट शुष्क वजनाऐवजी उंचीवरून काढलेले आदर्श वजन धरतात. बीएमआय २२ मानल्यास या रुग्णाचे ते ६२ किलो होते आणि ३५ ने २१७० किलोकॅलरी येतात. ही तफावत किरकोळ आहे, पण आदर्श वजन प्रत्यक्ष झिजलेल्या शरीराबद्दल काहीच सांगत नाही.

साचलेले पाणी स्वतः ऊर्जा जाळत नाही, या समजुतीवर सगळी वजावट उभी आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र जलोदर असताना विश्रांतीतील ऊर्जाखर्च वाढलेला आढळला. त्यावर एकमत दिसत नाही. वाढ असलीच तरी ती काही टक्क्यांची आहे, १६ किलो पाण्याला ३५ ने गुणून येणाऱ्या ५६० किलोकॅलरींएवढी नाही. जिथे श्वासातील वायू मोजणारे कॅलोरीमीटर यंत्र आहे तिथे खर्च थेट मोजणे श्रेयस्कर.

पाण्याची झाकण घालण्याची शक्ती पुढेही चालू राहते. मूत्रल औषधांनी, सूज असल्यास दिवसाला एक किलोपर्यंत आणि नसल्यास अर्ध्या किलोपर्यंत उतार चालवून घेतात. पाणी वाढत असताना स्नायू झिजले तर काटा स्थिर दिसतो. हे ओळखण्यासाठी दंडाचा घेर व मूठ आवळण्याची ताकद दर आठवड्याला नोंदतात. घेर घटत असून वजन जागच्या जागी राहिले, तर ते पाण्याने भरून काढले आहे असे समजावे. एका दिवसात किलोभराहून मोठा बदल हा बहुधा पाण्याचाच. हातापायांना विद्युतप्रवाह लावून शरीरघटक मोजणारे बायोइम्पीडन्स यंत्र इथे फसते, कारण पोटातल्या पाण्याची नोंद त्यात फारशी होत नाही आणि स्नायूंमधील पाण्याचे प्रमाण ठरावीक मानूनच त्याचे सूत्र बांधलेले असते.

हृदयविकार व मूत्रपिंडाच्या विकारांतील सुजेसाठी वरील वजावटींचा आधार तोकडा आहे. तिथे औषधांनी सूज उतरल्यानंतरचे वजन घेतात.