‘गोरे’चे ‘गोळे’ का होतात?

‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले.’ हे वाक्य एकदा म्हणायला कुणालाच अडचण येत नाही. सलग चार-पाच वेळा, जरा घाईत म्हटलं की बहुतेकांच्या तोंडून ‘गोरे’चे ‘गोळे’ होतात आणि शेवटच्या ‘मिसळले’चा पार चिखल होतो. नाटकाच्या तालमीत किंवा निवेदनाच्या वर्गात उच्चार स्वच्छ व्हावेत म्हणून अशी वाक्यं म्हणून घेतात. पण तिथेही ती बहुतेक वेळा शर्यतीसारखी म्हटली जातात, आणि नेमकं त्यामुळेच त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

या वाक्यात जिभेला काय करावं लागतं ते आधी पाहू. ‘र’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला निसटता स्पर्श करून परत येतं. हा स्पर्श सेकंदाच्या पंचविसाव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. ‘ळ’ म्हणताना तेच टोक मागे वळून टाळूला लागतं आणि तिथून पुढे सुटतं. ‘ल’ला ते पुन्हा पुढे, दातांच्या मुळाशी टेकतं. म्हणजे तिन्ही व्यंजनांचं काम एकाच टोकाकडे आहे, फक्त जागा वेगळ्या. ‘पाटी’ म्हणताना ‘प’ ओठ सांभाळतात, तोवर जीभ ‘ट’च्या तयारीला लागू शकते. ‘राळे’त ती सोय नाही. ‘र’ संपल्याशिवाय ‘ळ’ सुरूच होऊ शकत नाही.

तरीही, नुसतं अवघड असणं हे चुकण्याचं पूर्ण कारण नव्हे. ‘राळे राळे राळे’ कितीही वेळा म्हणा, जीभ सहसा अडखळत नाही. गडबड सुरू होते ती ‘गोरे’ मध्ये आल्यावर.

याचा उलगडा व्हायला एका प्रयोगाची मदत होते. लुई गोल्डस्टीन, मारिआन पूप्लिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी बोलणाऱ्यांच्या जिभेवर बारीक संवेदक चिकटवले आणि मेट्रोनोमच्या ठोक्यावर ‘कॉप टॉप, कॉप टॉप’ अशी इंग्रजी शब्दांची जोडी म्हणायला लावली. चुकताना माणूस ‘क’च्या जागी सरळ ‘ट’ म्हणतो, असा आपला समज असतो. जिभेची हालचाल मात्र वेगळंच सांगत होती. ‘क’साठी जिभेचा मागचा भाग उचलला जात होताच, पण त्याच वेळी ‘ट’साठी लागणारं टोकही थोडंसं वर येत होतं. एक हालचाल जाऊन दुसरी आली असं नव्हतं, जादाची हालचाल आत घुसत होती.

संशोधकांनी लावलेला अर्थ असा. ‘कॉप टॉप’मध्ये शेवटचा ‘प’ प्रत्येक शब्दात येतो, ‘क’ आणि ‘ट’ मात्र एकाआड एक येतात. ‘प’च्या दोन हालचालींमागे ‘क’ची एक, हे प्रमाण शरीराला अवघड असतं. दोन हातांनी टेबलावर वेगवेगळ्या लयीत ठोके द्यायला गेलं की वेग वाढताच दोन्ही हात एका लयीत येतात, तसंच इथे होतं. सगळ्या हालचाली एकास एक अशा सोप्या प्रमाणाकडे घसरतात. प्रयोगात वेग वाढवला की घुसखोरीही वाढत होती.

आता आपल्या वाक्याकडे या. ‘काळे’, ‘राळे’, ‘राळे’ यांचा शेवट ‘ळे’ने होतो आणि मध्येच ‘गोरे’ तो क्रम मोडतो. जीभ मागे वळण्याच्या लयीत आलेली असताना तिला एका शब्दापुरतं थांबायचं असतं. माझ्या मते ‘गोळे’ होतात ते इथेच. ‘मिसळले’ची अडचण निराळी आहे. तिथे ‘ळ’ आणि ‘ल’ एकमेकांना चिकटून येतात, मागे वळलेलं टोक मधल्या स्वराच्या मदतीशिवाय झटकन पुढे आणावं लागतं. ते जमलं नाही की ‘मिसल्ले’ ऐकू येतं.

या प्रयोगातून सरावासाठी दोन गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे वेग हीच चुकीची वाट आहे. भरभर म्हणून अडखळणारा माणूस दर वेळी त्या घसरगुंडीचाच सराव करत असतो. दुसरी जास्त अडचणीची. अर्धवट घुसखोरी पुष्कळदा कानाला कळतच नाही. ‘गोरे’ बरोबर ऐकू येतं आणि तरी जीभ थोडी मागे वळलेली असते. म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करून निम्म्या वेगाने ऐकलं, तर चालू बोलण्यात निसटलेल्या काही गोष्टी तरी पकडता येतात.

सराव असा करावा. या वाक्यात पंधरा अक्षरं बोलली जातात (‘मिसळले’ म्हणजे मि-सळ-ले अशी तीन). मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून एका ठोक्याला एक अक्षर म्हटलं तर वाक्याला पंधरा सेकंद लागतात. ते कंटाळवाणं वाटतं, वाटू द्यावं. यात एक खाच आहे. हळू म्हणताना लोक अक्षरं तोडतात आणि दोन अक्षरांमध्ये गप्प बसतात. मग अवघड जोड नाहीसाच होतो, कारण जिभेला मध्ये विश्रांती मिळते. आवाज न तोडता स्वर लांबवायचा, ‘काऽळेऽराऽळे’ असा. ‘कच्चा पापड, पक्का पापड’मध्ये मात्र ‘च्च’ आणि ‘क्क’च्या अडवलेल्या श्वासालाही त्याचा वेळ द्यावा लागतो. घाईत तोच आधी आखडतो आणि ‘कचा’, ‘पका’ होतं.

यानंतर जोड्या घ्याव्यात: ‘काळे राळे’, ‘राळे गोरे’, ‘गोरे राळे’, ‘राळे राळ्यात’. प्रत्येक जोडीतला दुसरा शब्द पुढच्या जोडीत पहिला होतो. वेदपाठातला क्रमपाठ असाच बांधलेला असतो. इथे त्याचा फायदा असा की चुका ज्या सांध्यावर होतात तो प्रत्येक सांधा सुटा हाताळता येतो. ‘राळे गोरे’ आणि ‘गोरे राळे’ यांना बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ द्यावा.

मग एका ठोक्याला दोन अक्षरं घ्यावीत आणि ठोके पाच-पाचने वाढवावेत. एखाद्या वेगाला ओळीने दोनदा चूक झाली की दोन पायऱ्या खाली यावं. तोंडात चूक असताना नेटाने पुढे रेटू नये. वेग वाढवायचाच आहे, कारण भरभर बोलताना हालचाली एकमेकींवर चढतात आणि ती सवय नुसत्या संथ सरावाने लागत नाही. पण ठोके १५० पर्यंत गेले, म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं झाली, की साधारण बोलण्याचा वेग आला. त्यापुढची गंमत पार्टीसाठी ठेवावी.

दातांत पेन धरून म्हणायची पद्धत मला पटत नाही. जबडा अडकला की जीभ त्याची भरपाई करायला वेगळी वळणं शिकते, आणि पेन काढल्यावर त्यांचा उपयोग उरत नाही.

लहान मुलांच्या बाबतीतही जपून. ‘र’ उशिरा येणाऱ्या उच्चारांपैकी आहे. चार वर्षांचं मूल ‘लाम’ म्हणत असेल तर त्याच्याकडून ‘काळे राळे’ घोटून घेऊ नये. जो ध्वनी सुटाच निघत नाही, तो वाक्यात कोंबून निघत नाही. शाळेत जायला लागल्यावरही तो आला नाही किंवा बोलण्यात तोतरेपणा असेल तर वाक् उपचारतज्ज्ञांना दाखवावं. तोतरेपणावर ही वाक्यं हा उपाय नाही.

मोठ्यांनी शेवटची तपासणी या वाक्यावर करूच नये, ते आता पाठ झालेलं असतं. ‘ळ’, ‘ल’ आणि ‘र’ दाटीने आलेला वर्तमानपत्रातला एखादा परिच्छेद नेहमीच्या वेगाने वाचावा, रेकॉर्ड करावा आणि दुसऱ्या कुणाला तरी ऐकवून कुठला शब्द नीट कळला नाही ते विचारावं.