कुत्रा विकत घ्यावा की दत्तक?

अध्यक्ष महोदय, परीक्षक आणि मित्रमैत्रिणींनो,

हल्ली दोन्ही वाटांच्या जाहिराती सारख्याच दिसतात. ‘दत्तक देणे आहे’ असं लिहून खाली हजारोंची रक्कम मागणारा माणूस पिल्लू विकतच असतो. खरोखर दत्तक देणारे आधी तुमचीच चौकशी करतात. घरमालकाची परवानगी आहे का, दिवसभर घरी कोण असतं, गावाला गेलात तर कुत्र्याला कोण बघणार? विकणाऱ्याला आगाऊ रक्कम मिळाली की पुरे.

माझी बाजू दत्तक घेण्याची आहे आणि तिचं मुख्य कारण वयात दडलंय. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तरीही ५ आठवड्यांचं पिल्लू ‘दोन महिन्यांचं’ म्हणून हातात ठेवलं जातं, कारण लहान पिल्लू गोंडस दिसतं आणि लवकर खपलं की त्याच्या खाण्याचा खर्च वाचतो. त्याचं तोंड उघडून पाहा. ८ आठवड्यांपर्यंत दुधाचे २८ दात बहुतेक आलेले असतात. मागच्या दाढा दिसत नसतील तर सांगितलेल्या वयावर विश्वास ठेवू नका.

समजा, असं पिल्लू रविवारी घरी आलं. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात. त्यामुळे विक्रेत्याकडे ते मजेत खेळत होतं. गुरुवारी ते खाणं सोडतं, मग उलट्या, मग रक्त पडणारे, घाण वासाचे जुलाब. ‘एक लस झालीय’ हे खरं असलं तरी पुरत नाही. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्तीच सुरुवातीच्या लसीचा परिणाम होऊ देत नाही. म्हणून १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते.

निवाऱ्यातल्या पिल्लांनाही पार्व्हो होतो, हे मान्य. म्हणूनच मी वर्ष-दीड वर्षाचा गावठी कुत्रा घ्या म्हणतो. त्याची उंची वाढून झालेली असते. कानाला खाच असेल तर बहुधा नसबंदीही झालेली असते, तरी कागद मागाच. त्याला साखळीवर १५ मिनिटं फिरवा. वाटेत मूल, दुसरा कुत्रा, स्कूटरचा आवाज आला की तो काय करतो ते बघा.

प्रतिपक्ष म्हणेल, जातिवंत कुत्र्याची खात्री असते. पगची खात्री मीही देतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवतो आणि चपट्या नाकामुळे पगला तेच नीट जमत नाही. आपल्या एप्रिल-मेमध्ये त्याचे हाल होतात.

दत्तक कुत्राही पहिले काही दिवस कोपऱ्यात बसेल, कदाचित जेवणार नाही. त्याला ओढून बाहेर काढू नका. अंथरूण आणि पाणी एकाच जागी ठेवा आणि दाराला कडी लावा. घाबरलेला कुत्रा पळून जातो तो बहुधा याच दिवसांत.