पाटीलकी ते तलाठी सज्जा: अधिसत्तेच्या तीन प्रकारांची पार्श्वभूमी

माणसे हुकूम का मानतात, या प्रश्नाला जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी दिलेले उत्तर त्यांच्या १९२० मधील निधनानंतर ग्रंथरूपाने पूर्णपणे पुढे आले. बळजबरी वगळली तर आज्ञापालनामागे तीन प्रकारची मान्यता असते, असे त्यांनी मांडले: पूर्वापार चालत आले म्हणून मानणे ही पारंपरिक अधिसत्ता, एखाद्या व्यक्तीच्या असामान्यत्वावर विश्वास ठेवून मानणे ही दिव्यवलयांकित अधिसत्ता, आणि रीतसर केलेल्या नियमाने अधिकार दिला म्हणून मानणे ही वैधानिक-विवेकनिष्ठ अधिसत्ता. आजचे प्रशासन मुख्यतः तिसऱ्या प्रकारावर का उभे आहे, हे सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाच्या महसुली इतिहासात स्पष्ट दिसते.

गावचा पाटील वसुली करी, तंटे सोडवी आणि बंदोबस्तही पाही. परंतु पाटीलकी ही नोकरी नव्हती, ते वतन होते. त्यासोबत इनाम जमीन आणि मानपान येत, ते बापाकडून मुलाकडे जाई, भावांत वाटले जाई आणि प्रसंगी निम्मी पाटीलकी विकलीही जाई. पद आणि मालमत्ता यांच्यात येथे भेदच नव्हता. म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी, म्हटले आहे. ज्याला नेमले नाही त्याला काढताही येत नाही, ही राज्यकर्त्यांची खरी अडचण होती.

इंग्रजांनी ही व्यवस्था मोडली नाही, तर कागदावर आणली. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत पदे कायद्याखाली वतनदार घराण्यांची नोंद झाली आणि चाकरी कोणी करायची हे ठरू लागले. अनेक गावांत वेगवेगळ्या शाखांकडे ती पाळीपाळीने येई. परंपरेला कायद्याचे कुंपण घातले गेले, तरी अधिकाराचे मूळ जन्मातच राहिले. पुढे १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलांचे पद रद्द झाले. कुलकर्ण्यांच्या दप्तराची जागा पगारी तलाठ्याने घेण्याची सुरुवात मात्र इंग्रजी अमदानीतच झाली होती.

दुसऱ्या प्रकाराचा अनुभव सोलापूरला मे १९३० मध्ये आला. गांधीजींच्या अटकेची बातमी आल्यावर शहर पेटून उठले, काही दिवस सरकारी अंमल जवळपास नाहीसा झाला आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. कोणाचे नेमणूकपत्र नसताना हजारो माणसे एका व्यक्तीवरील श्रद्धेने उभी राहिली. ही शक्ती मोठी आहे, पण तिच्यावर दरसालची वसुली चालत नाही, कारण त्या व्यक्तीनंतर कोण, याचे उत्तर तिच्यापाशी नसते. गांधीजींनी स्वतः १९२० मध्ये काँग्रेसला नवी घटना आणि चार आण्यांचे सभासदत्व दिले, ते मला या दृष्टीने फार अर्थपूर्ण वाटते.

तिसरा प्रकार पाहायचा तर वारसनोंद पाहावी. समजा, उत्तर सोलापूर तालुक्यात एक खातेदार वारला आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहे. वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. तलाठी चौकशी करून वारसांची नावे नोंदवहीत घेतो, मग गाव नमुना सहामध्ये फेरफार लिहितो, चावडीवर प्रत लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. भावांनी बहिणीचे नाव गाळले असेल, तर तिची हरकत तक्रारी नोंदवहीत चढते आणि सुनावणी होते. फेरफार प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी, तलाठी नव्हे. त्यानंतरच सात-बारावर नाव लागते, आणि निर्णय पटला नाही तर प्रांताकडे अपील करता येते.

येथे लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा असतो. सज्जा तलाठ्याच्या मालकीचा नसतो, त्याला पगार मिळतो आणि त्याची बदली होते. दप्तर मात्र तिथेच राहते. त्या बहिणीला पाटलाच्या घराण्याशी सोयरीक लागत नाही की कोणाची कृपा लागत नाही, तिला हरकतीची पोच पुरते. हजारो गावांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांमध्ये, दरवर्षी तेच काम सारख्याच रीतीने करायचे तर याहून टिकाऊ पाया सापडत नाही.

अर्थात कागदावरचा नियम आणि चावडीवरचा व्यवहार यांत अंतर पडते. नोटीस न बजावताच बजावल्याची नोंद झाली किंवा तलाठी बदलताच त्याच कागदांवर वेगळा निकाल मिळू लागला, तर अधिकार पुन्हा व्यक्तीकडे सरकला, असे समजावे. शिवाय रीतसर झालेली नोंदही अंतिम नसते: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते आणि मालकीचा मूळ वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो.