प्रसूती दवाखान्यात झाली. पुढे काय झालं?

वर्तमानपत्रात एक बातमी नेमाने येते. योजनेचं नाव बदलतं, आकडा बदलतो, वाक्य तेच राहतं: 'अमुक लाख महिलांना योजनेचा लाभ'. ही बातमी वाचली की मला एकच विचारावंसं वाटतं. लाभ मिळाला म्हणजे नेमकं काय मिळालं? पैसे मिळाले, गोळ्या मिळाल्या, की तब्येत सुधारली? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्या दोन मिळूनही तिसरी न मिळणं अगदी शक्य आहे.

हा गोंधळ टाळायला योजनांचं मूल्यमापन करणारे लोक एक साधं चित्र काढतात. त्याला लॉजिक मॉडेल म्हणतात. एका ओळीत चार चौकटी आणि त्यांच्यामध्ये बाण. पहिली चौकट इनपुटची: पैसा, माणसं, औषधं, इमारत. दुसरी प्रक्रियेची: या साधनांनी प्रत्यक्षात काय केलं गेलं. तिसरी आउटपुटची: त्या कामातून किती लोकांपर्यंत काय पोहोचलं. चौथी आउटकमची: त्या लोकांच्या आयुष्यात काय बदललं. प्रत्येक चौकटीला मोजता येईल असा एकेक निर्देशक द्यायचा. हे सगळं पाच मिनिटांत फळ्यावर काढता येतं, म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते पाच मिनिटांतच काढलं जातं आणि फाइलला लावलं जातं. खरी मेहनत चौकटींमध्ये नसते, बाणांमध्ये असते.

उदाहरण घेऊ. जननी सुरक्षा योजना 2005 साली सुरू झाली. बाईने घरी बाळंत न होता आरोग्य केंद्रात यावं म्हणून तिला रोख रक्कम आणि तिला घेऊन येणाऱ्या आशाताईला मानधन, अशी ही योजना. आउटपुट डोळे दिपवणारं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात संस्थेत होणाऱ्या प्रसूतींचं प्रमाण 2005-06 मध्ये सुमारे 39 टक्के होतं, ते 2015-16 मध्ये सुमारे 79 टक्के झालं. दहा वर्षांत दुप्पट! पण 'प्रसूती दवाखान्यात झाली' हे आउटपुट आहे. आई आणि बाळ वाचले, हे आउटकम. एकापासून दुसऱ्यापर्यंत जाणाऱ्या बाणावर बारीक अक्षरात एक गृहीतक लिहिलेलं असतं: दवाखान्यात आलेल्या बाईला तिथे जीव वाचवणारी सेवा मिळते.

हा बाण भिंगाखाली धरू. बाळंतपणात आईच्या मृत्यूचं एक मोठं कारण म्हणजे बाळ जन्मल्यानंतर होणारा अतिरक्तस्राव. वार जिथे चिकटलेली असते तिथे मोठमोठ्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या स्नायूंच्या जाळीतून जातात. वार सुटली की त्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करायचं काम स्नायूच करतात. गर्भाशय आवळलं की रक्तवाहिन्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबतं. ते सैल राहिलं तर रक्त वाहत राहतं. म्हणून बाळ जन्मल्यावर लगेच, एका मिनिटाच्या आत, आईला ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन द्यायचं असतं. त्याने गर्भाशय आवळतं.

आता हेच चार चौकटींत मांडू. इनपुट म्हणजे केंद्रात ऑक्सिटोसिनच्या कुप्या आहेत का. प्रक्रिया म्हणजे नर्स ते एका मिनिटात देते का. आउटपुट म्हणजे शंभर बाळंतिणींपैकी कितींना ते मिळालं. आउटकम म्हणजे अतिरक्तस्राव किती जणींना झाला. चित्र चोख दिसतं. पण ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवावं लागतं. फ्रिज बंद पडला, उन्हाळ्यात कुप्या टेबलावरच राहिल्या, तर आतलं औषध हळूहळू निकामी होतं. कुपी तशीच दिसते, लेबल तसंच असतं, मुदतही संपलेली नसते. साठ्याच्या वहीत कुपी आहे. नर्सने वेळेवर इंजेक्शन दिलं. बाईला ते मिळालंही. तीन चौकटींत बरोबरची खूण आणि गर्भाशय मात्र सैल. म्हणजे इनपुटचा निर्देशक 'कुप्यांची संख्या' असून चालत नाही. फ्रिजच्या तापमानाची रोजची नोंदही हवी. हे चौकटी बघून सुचत नाही. बाणावर बोट ठेवून 'हे घडायला काय काय खरं असावं लागेल?' असं विचारलं तरच सुचतं.

मग कुणी म्हणेल, एवढा व्याप कशाला? सरळ आउटकम मोजा, किती माता दगावल्या ते बघा. इथे गणित आडवं येतं. समजा, एका केंद्रात वर्षाला 1000 प्रसूती होतात आणि माता मृत्यूचं प्रमाण लाखामागे 250 आहे. म्हणजे त्या केंद्रात वर्षाला सरासरी अडीच मृत्यू अपेक्षित. पण अडीच माणसं मरत नाहीत. एखाद्या वर्षी शून्य, एखाद्या वर्षी पाच. दुर्मीळ घटनांसाठी जे प्वासाँ वितरण वापरतात त्याचं सूत्र असं, इथे सरासरी m = 2.5 आणि k म्हणजे मृत्यूंची संख्या:

```
P(k) = e^(-m) * m^k / k!
```

यात आकडे घातले तर शून्य मृत्यूंची शक्यता सुमारे 8 टक्के येते आणि पाच किंवा जास्त मृत्यूंची सुमारे 11 टक्के. सूत्र नको असेल तर सोडून द्या, निष्कर्ष तेवढा धरा. अगदी एकसारखं काम करणारी शंभर केंद्रं घेतली, तरी निव्वळ योगायोगाने त्यातली आठेक 'आदर्श' ठरतील आणि अकराएक 'धोकादायक'. आठांना पुरस्कार, अकरांना कारणे दाखवा नोटीस, आणि दोन्हींना अर्थ नाही. म्हणून एका केंद्राच्या पातळीवर प्रक्रियेचे निर्देशक बघावे लागतात. इंजेक्शन प्रत्येक प्रसूतीत द्यायचं असतं, त्यामुळे शंभर प्रसूतींतही चित्र स्पष्ट होतं. आउटकम बघायला मोठा प्रदेश आणि मोठी संख्या लागते.

आणि तुलनाही लागते. 2004-06 मध्ये भारतातलं माता मृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 254 होतं, 2014-16 मध्ये ते 130 झालं. जननी सुरक्षा योजना याच काळातली, तेव्हा श्रेय तिचंच असं म्हणणं सोपं आहे. पण याच दहा वर्षांत रस्ते झाले, मुली जास्त शिकल्या, बायकांना होणाऱ्या मुलांची संख्या घटली. आधी आणि नंतर एवढंच बघून कारण ठरवायचं असेल, तर अंगारा लावला आणि ताप उतरला हाही पुरावा मानावा लागेल. ताप बहुधा उतरणारच होता. अंगारा न लावलेल्या माणसाचं काय झालं, हे विचारल्याशिवाय अंगाऱ्याबद्दल काहीच कळत नाही. योजनेचंही तसंच.

हे सगळं नीट सांभाळून केलेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याचा निकाल कुणालाच आवडला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित प्रसूतीसाठी 28 मुद्द्यांची एक तपासणी यादी तयार केली होती. दाखल होताना, प्रसूतीच्या तोंडावर, प्रसूतीनंतर लगेच आणि घरी सोडताना, अशा चार टप्प्यांवर ती बघायची. हात धुतले का, रक्तदाब घेतला का, ऑक्सिटोसिन दिलं का, अशा साध्या गोष्टी. उत्तर प्रदेशातल्या 24 जिल्ह्यांतली 120 केंद्रं निवडली. निम्म्या केंद्रांत ही यादी दिली आणि आठ महिने प्रशिक्षक परिचारिका येऊन शेजारी उभ्या राहून मदत करत होत्या. उरलेल्या निम्म्यांत नेहमीचं काम चालू राहिलं. कोणतं केंद्र कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. 'बेटरबर्थ' नावाच्या या प्रयोगाचे निष्कर्ष 2017 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले.

प्रक्रिया सुधारली, आणि चांगलीच सुधारली. स्वतंत्र निरीक्षकांनी उभं राहून नोंदवलेल्या प्रसूतींमध्ये, दोन महिन्यांनी, आवश्यक कृतींपैकी सुमारे 73 टक्के कृती यादीच्या केंद्रांत होत होत्या. तुलनेच्या केंद्रांत सुमारे 42 टक्के. नोंदी निरीक्षकांच्या होत्या हे महत्त्वाचं. केंद्राच्या रजिस्टरवर विसंबलं की पानभर सगळ्या बायकांचा रक्तदाब 110/70 आणि बाळांची वजनं नेमकी अडीच किलो दिसायला लागतात. असं पान दिसलं की ओळखावं, मोजमाप झालेलं नाही, लिखाण झालेलं आहे.

आता आउटकम. सात दिवसांच्या आत आईचा किंवा बाळाचा मृत्यू, अथवा आईला गंभीर त्रास, यांपैकी काहीही घडल्याचं प्रमाण यादीच्या केंद्रांत 15.1 टक्के आणि तुलनेच्या केंद्रांत 15.3 टक्के होतं. दीड लाखाहून जास्त माता-बाळांच्या जोड्यांची ही माहिती. म्हणजे फरक जवळजवळ शून्य, आणि संख्या कमी म्हणून दिसला नाही असं म्हणायलाही फारशी जागा नाही.

लॉजिक मॉडेल नसतं तर इथे फक्त 'यादी निरुपयोगी' एवढाच मथळा उरला असता. मॉडेल हाताशी असलं की अपयशाचे दोन प्रकार वेगळे करता येतात. प्रक्रियाच बदलली नसेल तर ते अंमलबजावणीचं अपयश. कल्पनेची परीक्षा अजून झालेलीच नाही. प्रक्रिया बदलली आणि आउटकम हलला नाही, तर गडबड बाणात आहे, म्हणजे ज्या तर्कावर योजना उभी आहे त्यात. बेटरबर्थचं बरंचसं अपयश दुसऱ्या प्रकारचं. बरंचसं अशासाठी म्हणतो की पहिल्या प्रकाराचाही थोडा अंश त्यात आहे: बारा महिन्यांनी, म्हणजे प्रशिक्षकांच्या भेटी संपल्यावर, तेच आकडे सुमारे 62 आणि 44 टक्के झाले होते. तीस टक्क्यांहून मोठा फरक अठरांवर आला.

पण बाणात नेमकं काय अडलं? माझ्या मते उत्तर यादीत नव्हतं, यादीच्या पलीकडे होतं. रक्तदाब मोजला, तो 160 निघाला. आता पुढे काय करायचं याचं कौशल्य त्या नर्सकडे आहे का? रक्तस्राव थांबत नाही हे ओळखलं. रक्त कुठल्या दवाखान्यात आहे आणि तिथवर न्यायला गाडी किती वेळात येते? सिझेरियन करणारं कुणी आहे का? यादी धोका दाखवून देते, धोका निवारत नाही. प्रक्रिया आणि आउटकम यांच्यामधला बाण एवढा लांब होता की त्यात आणखी एक अख्खी चौकट मावली असती: गुंतागुंत ओळखल्यापासून तिच्यावर उपचार सुरू होईपर्यंतची मिनिटं. त्या चौकटीसाठी निर्देशकच ठेवलेला नसेल, तर दवाखान्यात आलेल्या बाईची वाट नक्की कुठे अडली, हे कुठल्याही तक्त्यात दिसणार नाही.