वर्डमधील मजकुराचे मोबाइलसाठी एकच लांब चित्र : देवनागरी अक्षरे स्पष्ट राहण्यासाठी काय करावे

आमच्या केंद्रात टंकलेखनासाठी येणारे बहुतेक ग्राहक आता छापील प्रतीबरोबर मजकुराचे एक चित्रही मागतात. सभेची सूचना किंवा कार्यक्रमपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकली की प्रत्येकाने बोट सरकवत ती वरून खाली वाचावी, फाइल उघडण्याचा खटाटोप नसावा आणि समोरच्याच्या फोनमध्ये फाँट नसल्यामुळे अक्षरांची मोडतोड होऊ नये, अशी त्यांची अपेक्षा असते. ती रास्त आहे, कारण चित्रात अक्षरे फाँटवर अवलंबून न राहता आकार म्हणून पक्की होतात. मात्र असे चित्र गटावर पोहोचेपर्यंत पुष्कळदा धूसर झालेले असते. हे कोठे आणि का घडते, आणि ते टाळण्यासाठी आम्ही कोणती पद्धत वापरतो, ते या पत्रकात सांगितले आहे.

देवनागरीला धूसरपणाचा उपद्रव अधिक होतो, कारण आपल्या लिपीत अर्थ ठरवणाऱ्या खुणा फार लहान असतात. अनुस्वाराचा टिंब, रफार, अक्षराखालचा उकार आणि ऋकार यांची जाडी मूळ अक्षराच्या मानाने थोडी असते, आणि शिरोरेषा पसरली की तिच्यावरचा टिंब तिच्यातच मिसळून जातो. मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांत फरक दिसेनासा होतो. शब्द असेल तर वाचक संदर्भाने तो ओळखतो, पण आकड्याला संदर्भ नसतो. थकबाकीच्या रकमेतील १ आणि ९ यांची गल्लत झाली, तर ती वाचकाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून स्पष्टपणाची परीक्षा आम्ही मोठ्या मथळ्यावर न करता सर्वांत लहान अक्षरातील अनुस्वारावर आणि आकड्यांवर करतो.

पहिली चूक चित्र करण्याच्याही आधी, पानाच्या मापात होते. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद असते आणि उभ्या धरलेल्या फोनच्या पडद्याची रुंदी साधारण ७ सेंटिमीटर भरते. म्हणजे पान तिथे एक तृतीयांश होते आणि १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे दिसते. चित्र कितीही उत्तम असले तरी एवढे बारीक अक्षर वाचकाला मोठे करून, डावीउजवीकडे सरकवत वाचावे लागते. म्हणून ए-फोर पानाचे चित्र न काढता, वर्डमध्येच पान फोनच्या बेताचे करून घ्यावे. Layout मधील Size आणि तेथून More Paper Sizes येथे जाऊन Width मध्ये 3.6" आणि Height मध्ये 22" भरावे. वर्ड २२ इंचांहून उंच पान स्वीकारत नाही, त्यामुळे एका पानाची कमाल लांबी हीच. चारही बाजूंचे समास पाव इंच ठेवावेत. समास छपाईच्या हद्दीबाहेर जात असल्याचा इशारा आला, तर Ignore निवडावे, कारण हे पान छापायचे नाही.

रुंदी ३.६ इंचच का, याला साधे गणित आहे. हे पान इंचाला ३०० पिक्सेल या दराने चित्रात उतरवले की रुंदी बरोबर १०८० पिक्सेल येते, आणि बऱ्याच फोनांच्या पडद्याची आडवी मोजणी हीच असते. चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसला, की फोनला अक्षरे ताणावी किंवा आक्रसावी लागत नाहीत. मजकूर १४ पॉइंटचा ठेवल्यास तो फोनवर साधारण १० ते ११ पॉइंटचा दिसतो, आणि हा आकार पुस्तकातील मजकुराच्या जवळचा आहे.

पान अरुंद केल्यावर मजकूर पुन्हा एकदा नजरेखालून घालावा लागतो. दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा आग्रह सोडावा आणि मजकूर डावीकडे जुळवावा, कारण मराठीतील लांब शब्दांमुळे अरुंद ओळीत मोठी भगदाडे पडतात. ओळींमधील अंतर Exactly या पर्यायावर असेल तर ते Multiple करून 1.15 किंवा 1.2 ठेवावे. Exactly मध्ये अंतर कमी पडले, तर वरच्या मात्रा आणि रफार यांचे टोक छाटले जाते, आणि एकदा छाटलेले टोक पुढे कोणत्याही उपायाने परत येत नाही. सहा रकान्यांचा तक्ता या रुंदीत बसत नाही. अक्षर लहान करून तो कोंबण्यापेक्षा त्याचे दोन तक्ते करावेत, किंवा प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळींत मांडावी.

दुसरी चूक पडद्याचे छायाचित्र घेण्याची. संगणकाच्या पडद्यावर पान जेवढ्या पिक्सेलांत दिसत असते, तेवढेच पिक्सेल स्क्रीनशॉटमध्ये येतात, आणि ते चित्र नंतर मोठे केल्याने नवा तपशील मिळत नाही, केवळ धूसरपणा मोठा होतो. त्याऐवजी प्रथम Save As मधून पीडीएफ करावी आणि पर्यायांत Standard ठेवावे. पीडीएफमध्ये अक्षरे ठिपक्यांच्या रूपात न राहता रेषांच्या आकारांच्या रूपात साठवलेली असतात, म्हणून ती हव्या त्या मापात काठोकाठ स्वच्छ उतरतात. पीडीएफ उघडून ४०० टक्के मोठी करावी. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसल्या तर पुढे जावे. दातेरी दिसल्या, तर तो फाँट पीडीएफमध्ये समाविष्ट होऊ न शकल्याने त्याचे ठिपके झाले असण्याचा संभव आहे, आणि अशा वेळी फाँट बदलणे हाच उपाय उरतो.

पीडीएफवरून चित्र करण्यासाठी आम्ही पॉपलर या मोफत संचातील एक आज्ञा वापरतो. सूचनेची फाइल suchana.pdf या नावाची असेल तर ती आज्ञा संगणकाच्या कमांड खिडकीत अशी लिहावी :

```
pdftoppm -png -r 300 -singlefile suchana.pdf suchana
```

यातून suchana.png तयार होते. पीएनजी प्रकारात कोणताही तपशील गाळला जात नाही. जेपेग प्रकार छायाचित्रांसाठी योग्य असला तरी तो चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून त्यांतील बारकावे कमी करतो, त्यामुळे काळ्या अक्षराच्या कडेला करडी धूळ उडाल्यासारखी दिसते. रंगाचे तपशील तर जेपेगमध्ये बहुधा आणखी कमी ठेवले जातात. म्हणून पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे घेण्याचा मोह मथळ्यापुरताच ठेवावा आणि मुख्य मजकूर पांढऱ्यावर काळा असावा.

तिसरी आणि सर्वांत महागात पडणारी चूक पाठवताना होते, आणि ती नेमकी लांब चित्राच्या मुळावर येते. एका गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसांसाठी आम्ही वार्षिक सभेची सूचना केली होती. ए-फोरचे एक पान भरलेले होते. वरील रुंदीत ते २० इंच लांब झाले आणि पानाची उंचीही तेवढीच ठेवली, म्हणजे चित्र १०८० गुणिले ६००० पिक्सेलांचे आले. आमच्या संगणकावर ते निर्दोष होते. चिटणीसांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले आणि तासाभरात सभासदांचे फोन सुरू झाले, की थकबाकीचे आकडे लागत नाहीत.

फोटो म्हणून पाठवलेले चित्र अ‍ॅप लहान करते आणि जेपेगमध्ये बदलते. लहान करताना ते लांब बाजू मोजते, आणि साध्या दर्जात ती सुमारे १६०० पिक्सेलांवर आणली जाते. आपल्या चित्राची ६००० ची लांबी १६०० वर आली, की त्याच प्रमाणात १०८० ची रुंदी २८८ वर येते. १४ पॉइंटचे अक्षर मुळात सुमारे ५८ पिक्सेल उंचीच्या चौकटीत होते, ते १५-१६ पिक्सेलांत उरते. त्यात अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम एक-दोन पिक्सेल येतात, आणि हे २८८ पिक्सेल फोन पुन्हा पूर्ण पडद्यावर ताणून दाखवतो. चित्र जितके लांब तितकी ही हानी मोठी, म्हणून आडव्या फोटोवरून अंदाज बांधू नये. एचडी पर्यायात मर्यादा वाढते खरी, पण संपत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे चित्र फोटो म्हणून न पाठवता जोडणीच्या खुणेतून Document निवडून फाइल म्हणून पाठवणे. असे केल्यास मूळ पीएनजी जसेच्या तसे पोहोचते. उणीव एवढीच, की गटात चित्र थेट पसरलेले दिसत नाही, ते दाबून उघडावे लागते, आणि उघडल्यावर पुष्कळ फोनांत ते आधी बारीक पट्टीसारखे दिसते. दोनदा टिचकी मारली की ते रुंदीभर होते. ज्येष्ठ सभासदांसाठी संदेशात तशी एक ओळ लिहावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरा मार्ग अखंड चित्राचा हट्ट सोडण्याचा आहे. ज्यांना फाइल उघडणे जमणारच नाही, अशांसाठी आम्ही तोच निवडतो. वर्डमधील पानाची उंची 22" ऐवजी 5.33" करावी. ३०० च्या दराने ती सुमारे १६०० पिक्सेल होते, त्यामुळे अ‍ॅपला लहान करण्याचे कारणच राहत नाही. चित्र कात्रीने कापल्यास ओळीच्या मधोमध छेद जाण्याची भीती असते. इथे वर्ड स्वतः ओळ संपल्यावर पान बदलते, म्हणून अक्षर कापले जात नाही. तक्त्याच्या गुणधर्मांत Allow row to break across pages ची खूण मात्र काढून ठेवावी. वरील आज्ञेतून -singlefile वगळल्यास प्रत्येक पानाचे क्रमांकित चित्र मिळते. त्या सूचनेची अशी पाच चित्रे झाली, प्रत्येकावर ‘५ पैकी २’ असा क्रम घातला, आणि आकड्यांविषयी पुन्हा कोणी विचारले नाही.

चित्र गटावर टाकण्याआधी ते दुसऱ्या एखाद्या फोनवर पाठवून, तिथे आलेली प्रत पाहावी. पाठवणाऱ्याच्या गॅलरीत मूळ चित्रच असते, त्यामुळे तेथे तपासून काही कळत नाही. ‘कुटुंब’, ‘दृष्टी’, ‘निर्णय’, ‘सर्वांसाठी’ यांसारखे शब्द आणि एखादी रक्कम मोठी न करता वाचून पाहावी. ‘सर्वांसाठी’ मधील रफार आणि अनुस्वार एकमेकांपासून सुटे दिसले, तर बाकीचा मजकूर सहसा ठीक असतो.

चित्रातील मजकूर साध्या शोधात सापडत नाही, त्यातील दूरध्वनी क्रमांकावर बोट ठेवून फोन लावता येत नाही, आणि दृष्टिहीन सभासदाच्या फोनला तो नीट वाचून दाखवता येईलच असे नाही. म्हणून तारीख, वेळ, स्थळ आणि संपर्क क्रमांक चित्राखाली संदेशातही टंकित करून द्यावेत. मजकूर ए-फोरच्या दोन पानांहून अधिक असेल तर आम्ही चित्राचा सल्ला देत नाही. तेव्हा ३.६ इंच रुंदीच्या पानाची पीडीएफच पाठवावी, कारण तीत अक्षरे हव्या तितक्या मोठ्या मापात स्वच्छ राहतात.

हे काम आमच्याकडे देताना कृपया वर्डची मूळ फाइल आणावी, तिचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. मजकूर युनिकोडपूर्वीच्या एखाद्या जुन्या फाँटमध्ये असेल, तर तो फाँट किंवा त्याच संगणकावर केलेली पीडीएफ सोबत असावी, म्हणजे जोडाक्षरे मूळ प्रतीशी ताडून पाहता येतील.