कोपराने कुणीकडे वळायचं? ब्लेंडरमधल्या टू-बोन आयकेची पार्श्वभूमी

ब्लेंडरमध्ये पहिल्यांदाच हाताचं रिग बांधणाऱ्याला दोन गोष्टी हमखास खटकतात. कोपर आधीपासूनच किंचित वाकवून ठेवा असं का सांगतात? आणि मनगटाला कंट्रोल दिल्यावरही कोपरासाठी वेगळं `Pole Target` कशाला? दोन्हींची मुळं ॲनिमेशनच्या आधीची आहेत, यांत्रिक हातांच्या काळातली.

रोबोटचा पंजा ठरावीक जागी न्यायचा तर कोणता सांधा किती फिरवायचा, हा प्रश्न तिथे रोजचाच होता. यालाच इन्व्हर्स कायनेमॅटिक्स, थोडक्यात आयके म्हणतात. १९६८ मध्ये डोनाल्ड पीपर यांनी स्टॅनफर्डमधल्या प्रबंधात दाखवलं, की सहा सांध्यांच्या हातातले लागोपाठचे तीन अक्ष एका बिंदूत मिळत असतील तर उत्तर थेट सूत्राने निघतं. १९६९ मध्ये डॅनियल व्हिटनी यांनी वेगळी वाट धरली: सांधे थोडेथोडे हलवायचे, पंजा किती सरकला ते पाहायचं आणि याकोबियन मॅट्रिक्सच्या आधारे पुढचं पाऊल ठरवायचं. १९८५ मध्ये मायकेल जिरार्ड आणि अँथनी मॅचिएव्हस्की यांनी हीच याकोबियनची रीत संगणकावर चालणाऱ्या प्राण्यांच्या पायांना लावली.

खरं तर दोनच हाडं असतील तर एवढा खटाटोप लागत नाही. खांदा, कोपर आणि मनगट मिळून त्रिकोण होतो. त्याच्या तिन्ही बाजू माहीत असल्या की कोपराचा कोन कोसाइनच्या नियमाने मिळतो:

```
cos(θ) = (a² + b² − d²) / (2ab)
```

दंड a = ३० सेंमी, पुढचा हात b = २५ सेंमी आणि खांदा-मनगट अंतर d = ४५ सेंमी असेल, तर कोपराचा कोन सुमारे १०९.५ अंश येतो. अंतर ५५ सेंमी झालं की हात पूर्ण ताठ, १८० अंश. आता मनगट फक्त एक सेंटिमीटर जवळ आणा: कोन एकदम १५८ वर उतरतो. त्यापुढचा सेंटिमीटर मात्र जेमतेम ९ अंशच खातो. चालण्याच्या ॲनिमेशनमध्ये पाय ताठ होताना गुडघ्याला जो झटका बसतो तो हाच. तो सॉफ्टवेअरचा दोष नव्हे, भूमितीच तशी आहे. म्हणून अनुभवी ॲनिमेटर पाय शेवटपर्यंत ताणत नाहीत.

ब्लेंडरचा `Standard` सॉल्व्हर मात्र हे सूत्र वापरत नाही. साखळी दोन हाडांची असो वा वीस, तो याकोबियननेच पावलापावलाने उत्तराकडे जातो. `Iterations` हा आकडा त्याचाच. (२.५ मालिकेत आलेला `iTaSC` सॉल्व्हरही रोबोटिक्समधूनच आला, बेल्जियमच्या लूव्हन विद्यापीठातून.) या रीतीचा जुना आजार म्हणजे सिंग्युलॅरिटी. हात सरळ रेषेत असताना कोपर इकडे किंवा तिकडे जरासं हलवलं, तर मनगट आडवं सरकतं, खांद्याकडे येत नाही. त्यामुळे लक्ष्य रेषेवरच आत आलं की कुठे वाकायचं हे सॉल्व्हरला कळत नाही. हात ताठच राहतो किंवा भलतीकडे मोडतो. उपाय साधा: `Edit Mode` मध्ये कोपराचा सांधा थोडा मागे, गुडघ्याचा थोडा पुढे सरकवायचा. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा बाक पुरतो.

आता दुसरा प्रश्न. खांदा आणि मनगट जागच्या जागी ठेवूनही कोपर एका वर्तुळावर फिरू शकतं. त्रिकोण तोच राहतो, फक्त त्याचं प्रतल बदलतं. २००० मध्ये तोलानी, गोस्वामी आणि बॅडलर यांनी मानवी अवयवांसाठी मांडलेल्या सूत्रांमध्ये हा फिरण्याचा कोन सुटा ठेवला आणि बाकीचं गणित थेट सोडवलं. ब्लेंडरमधलं `Pole Target` त्या वर्तुळावरची एक जागा नक्की करतं.

प्रत्यक्ष बांधणीत `forearm.L` च्या टोकाशी `hand_ik.L` हे लक्ष्याचं हाड असतं. ते पुढच्या हाताचं चाइल्ड नसावं, नाहीतर लक्ष्य साखळीवर आणि साखळी लक्ष्यावर अवलंबून राहते. कोपराच्या मागे, हाताच्याच प्रतलात, `elbow_pole.L` ठेवायचं. `Inverse Kinematics` कन्स्ट्रेंट `forearm.L` वर बसतो, आणि `Chain Length` 2 करावंच लागतं. मूळचं 0 म्हणजे पॅरेंटची अख्खी साखळी. तसंच राहिलं तर मनगट ओढताच पाठीचा कणाही वाकायला लागतो.

पोल जोडताच हात गर्रकन फिरला तर घाबरू नये. `Pole Angle` 0 असताना ब्लेंडर दंडाच्या हाडाचा स्थानिक X अक्ष पोलकडे वळवतो. तुमच्या हाडाचा रोल, म्हणजे स्वतःच्या लांबीभोवतीचा फिरण्याचा कोन, तसा नसेल तर तेवढा फरक भरून काढावा लागतो, बहुधा 90, -90 किंवा 180. अक्ष दाखवणं चालू करून `upper_arm.L` चा X कुठे बघतोय ते आधी पाहा. आकडा 73 सारखा अडनिडा येत असेल, तर रोल वाकडा आहे किंवा पोल हाताच्या प्रतलाबाहेर गेलाय. अशा वेळी कोन जुळवत बसण्यापेक्षा `Edit Mode` मध्ये परत जाऊन रोल आणि पोलची जागा सुधारणं बरं.